एचआयव्ही असल्याचे मालकाला सांगावेच लागते का? कायदा काय म्हणतो?

सोनई : साखर कारखाना असो, दवाखाना असो की पतसंस्था, सोनईसारख्या गावात कार्यालयातली गोष्ट संध्याकाळपर्यंत चौकात पोहोचते. त्यामुळे एचआयव्हीसह जगणाऱ्या कर्मचाऱ्याला आजारापेक्षा फायलीची भीती जास्त वाटते.

ही भीती खोटी नाही. 2015 मध्ये पुण्यातील एका औषध कंपनीतील महिला कर्मचाऱ्याने मेडिक्लेमसाठी उपचारांची कागदपत्रे दिली. त्यातून तिला एचआयव्ही असल्याचे व्यवस्थापनाला कळले आणि तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला गेला. ती कामगार न्यायालयात गेली. 2018 मध्ये न्यायालयाने तिला मागील वेतनासह पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिला.

आज राजीनामा का मागितला जाऊ शकतो, हे समजून घ्यायला हवे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार या कारणावरून कामावरून काढायचे असेल, तर मालकाला दोन कागद द्यावे लागतात. पहिला, स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अहवाल : या व्यक्तीमुळे कामाच्या ठिकाणी इतरांना संसर्गाचा मोठा धोका आहे किंवा ती हे काम करण्यास असमर्थ आहे. दुसरा, कामात सोयीचे बदल करून देणे आपल्याला का परवडत नाही, याचे मालकाचे लेखी निवेदन. अहवाल दिला नाही, तर धोका नाही असेच कायदा मानतो. सही केलेला राजीनामा मात्र हे सगळे टाळतो. म्हणून दबावाखाली सही करू नये. कारण लेखी मागावे.

मग मालक काय विचारू शकतो? हे काम तुम्हाला झेपते का, एवढे विचारता येते. एचआयव्ही चाचणीची अट घालून नोकरी देता येत नाही. न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय आपली स्थिती सांगण्याची सक्तीही कुणावर करता येत नाही. विश्वासाने कळलेली माहिती कर्मचाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय पुढे सांगणे हासुद्धा कायद्याचा भंग आहे, मग ऐकणारा वरिष्ठ असो की शेजारच्या टेबलावरचा सहकारी. रजेसाठी फिटनेस प्रमाणपत्र लागत असेल, तर त्यावर निदान लिहिण्याचा आग्रह नको, असे डॉक्टरांना सांगता येते.

ही भूमिका नवी नाही. 1997 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने एका सरकारी महामंडळातील हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता. कामगार काम करू शकत असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. त्याचे नाव निकालात नाही, केवळ 'एमएक्स' अशी अक्षरे आहेत. आजही टोपणनावाने खटला चालवण्याची मागणी करता येते.

शंभर किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे; आरोग्यसेवेत ही मर्यादा वीस आहे. लहान दुकानात तो नसतो, तिथे राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. लोकपालाने 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो. अर्ज कुठे द्यायचा, हे 1097 या मोफत हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येते.