फाइल चालते किती, थांबते किती

जिल्ह्याच्या एखाद्या कार्यालयात वैद्यकीय बिलाच्या प्रतिपूर्तीचा अर्ज मंजूर व्हायला 24 दिवस लागतात, असे समजू. कार्यपद्धतीचा अभ्यास करणारा माणूस या अर्जाबरोबर टेबलाटेबलावर फिरतो आणि प्रत्येक टप्पा कागदावर मांडतो: काम झाले तर वर्तुळ, कागद हलला तर बाण, तपासणी झाली तर चौकोन, नुसता पडून राहिला तर डी. शेवटी बेरीज केल्यावर दिसते की सगळ्यांचे मिळून प्रत्यक्ष काम 70 मिनिटांचे होते. उरलेले सगळे दिवस डीच्या रकान्यात गेले.

महाराष्ट्राच्या 2005च्या कायद्यानुसार फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. पण पाच टेबलांनी ही मुदत पुरेपूर वापरली, तर कोणाचाही नियमभंग न होता 35 दिवस जातात. म्हणून टेबले किती आहेत, हे आधी पाहायला हवे.

तक्त्यात आणखी दोन गोष्टी उघड होतात. पावत्या लिपिक तपासतो, त्याच पावत्या मुख्य लिपिक पुन्हा तपासतो आणि लेखा शाखाही तपासते. शिवाय डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडलेले नाही, हे कळते ते लेखा शाखेत, पंधराव्या दिवशी. मग फाइल उलट्या वाटेने खाली येते. अर्ज घेतानाच आवक शाखेने कागदांची यादी पडताळली आणि मधली एक तपासणी काढली, तर हा फेरा वाचतो.

मिनिटे मोजायची ती यानंतर. माझ्या मते हा क्रम अजिबात चुकू नये. जुन्याच पद्धतीत मोजणी केली, तर कागद शोधणे आणि फाइल पुन्हा उघडणे धरून लिपिकाला एका बिलामागे 35 मिनिटे लागतात. महिन्याला 300 बिले असतील, तर सात तासांचे 25 दिवस होतात, म्हणजे एक माणूस अपुरा, आणि नव्या पदाची मागणी कागदोपत्री रास्त ठरते. सुधारलेल्या पद्धतीत घड्याळ 20 मिनिटे दाखवते. लिपिकाचा वेग सामान्याच्या 90 टक्के धरला की 18 मिनिटे, त्यात विश्रांती आणि किरकोळ व्यत्ययांसाठी 15 टक्के मिळवले की प्रमाणवेळ सुमारे 21 मिनिटे. 300 बिले 15 दिवसांत होतात.

यातला सर्वात नाजूक आकडा वेगाचा. तो मोजणाऱ्याच्या अंदाजावर ठरतो आणि कोणी शेजारी घड्याळ घेऊन बसले की माणूस सावकाश काम करतो. म्हणून मोजणी अनेक दिवस, वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांवर आणि त्यांना आधी सांगूनच करावी. अपिलाचा निर्णय लिहिण्यासारख्या विचाराच्या कामाला तर ही मोजपट्टी लावूच नये. तिथे दोन प्रकरणे सारखी नसतात.

रोजच्या निपटाऱ्याचा आकडा ठरला की आणखी एक धोका येतो. अवघड अर्जावर त्रुटी काढून तो परत पाठवला, तरी निकाली म्हणून नोंद होते. हे ओळखायला जावक नोंदवहीतली त्रुटीपत्रे महिन्यागणिक मोजावीत. निपटारा वाढला आणि त्रुटीपत्रेही तितकीच वाढली, तर थांबलेला कागद कार्यालयातून अर्जदाराच्या घरी गेला आहे, एवढेच झाले.