दीर्घ उतारे : वेळ आणि उत्तराचा ठाव

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांपैकी साधारणतः ५० प्रश्न उताऱ्यांवर असतात. एका उताऱ्याखाली बहुधा पाच. सरासरीने एका प्रश्नास दीड मिनिट मिळते. म्हणून एका उताऱ्यास त्याच्या प्रश्नांसह सात मिनिटांची मर्यादा घालावी, असे आम्ही विद्यार्थ्यांस सांगतो. दहा उताऱ्यांस सत्तर मिनिटे लागली, तरी उरलेल्या तीस प्रश्नांसाठी पन्नास मिनिटे हाती राहतात.

ही मर्यादा मोडते ती वाचन मंद असल्यामुळे नव्हे, तर प्रत्येक प्रश्नासाठी संपूर्ण उतारा पुन्हा वाचल्यामुळे. यावर उपाय असा : प्रथम केवळ पाच प्रश्न वाचावेत, पर्याय वाचू नयेत. प्रश्नांतील नाव, वर्ष, संख्या वा संज्ञा अधोरेखित करावी. मग उतारा एकदाच सलग वाचावा व प्रत्येक परिच्छेदाशेजारी एक-दोन शब्दांची खूण करावी. उत्तर शोधताना त्या खुणेच्या परिच्छेदाकडेच परतावे.

उदाहरणादाखल भूजलावरील उतारा घेऊ. त्याच्या तीन परिच्छेदांपुढे ‘खडक’, ‘विंधन विहिरी’ आणि ‘उपाय’ अशा खुणा केल्या. प्रश्न आहे : पुढीलपैकी कोणते विधान योग्य आहे? (अ) बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. (ब) खोल विंधन विहिरींना पाणी लागत नाही. पहिल्या विधानासाठी ‘खडक’ हा परिच्छेद पाहिला. तेथे तसेच म्हटले आहे. दुसऱ्यासाठी ‘विंधन विहिरी’ पाहिला. तेथील वाक्य आहे, ‘अनेक खोल विंधन विहिरी कोरड्या निघतात.’ ‘अनेक’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. म्हणून केवळ (अ) योग्य. दोनच परिच्छेद पाहावे लागले. चुकीचा पर्याय बहुधा अशाच एका शब्दाने घडवलेला असतो. म्हणून ‘केवळ’, ‘सर्व’, ‘नेहमी’ हे शब्द उताऱ्याशी ताडून पाहावेत. विधान व्यवहारात खरे असले, तरी उताऱ्यात त्यास आधार नसेल तर ते उत्तर नव्हे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. उताऱ्याचा मध्यवर्ती आशय विचारणारा प्रश्न एका ओळीत सापडत नाही. तो शेवटी घ्यावा आणि सर्व खुणा एकत्र वाचून सोडवावा. वरील उदाहरणात केवळ ‘विंधन विहिरीं’विषयी बोलणारा पर्याय खरा असूनही अपुरा ठरेल, कारण त्यात ‘उपाय’ येत नाही.

एकाच प्रश्नासाठी तिसऱ्यांदा उताऱ्याकडे वळावे लागले, तर उत्तराचा ठाव लागलेला नाही असे समजावे. त्या प्रश्नावर खूण करून पुढे जावे. चुकीच्या उत्तरास गुण वजा होतात. तेव्हा दोन पर्याय निश्चितपणे बाद झाल्यावाचून तर्काने उत्तर नोंदवू नये.