गाडी नेमकी कुठे लागते?

मे महिन्यातली गर्दी होती. कराडहून चिपळूणला जाणाऱ्या एसटीत मला आणि माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला शेवटून दुसऱ्या बाकावर कशीबशी जागा मिळाली. पाटण येईपर्यंत तिची अखंड बडबड चालू होती. मग ती माझा मोबाइल मांडीवर घेऊन, मान खाली घालून खेळत बसली. थोड्या वेळाने तिला जांभया यायला लागल्या. पहाटे उठल्यामुळे झोप आली असेल, असे मला वाटले. कोयनानगरपर्यंत ती पार गप्प झाली. चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर गार घाम आला, आणि ती सारखी थुंकी गिळत होती. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पर्समधली गोळी काढली आणि दोन घोट पाण्याबरोबर तिला दिली. कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर गोळी, पाणी आणि सकाळचे पोहे असे सगळेच बाहेर आले. पिशवी उघडेपर्यंत थोडे शेजारच्या आजोबांच्या धोतरावरही गेले.

कंडक्टर पुढून आले. "ताई, पोरीला गाडी लागती म्हायती हाय, तर मागं कशाला बसवली? म्होरं आणा तिला." दाराजवळच्या पहिल्या बाकावरचा एक कॉलेजचा मुलगा उठला, आणि आम्ही तिथे बसलो. चिपळूणपर्यंत पुन्हा काही झाले नाही. अर्थात उलटी झाल्यावर काही वेळ बरे वाटतेच, त्यामुळे एवढ्यावरून पुढच्या जागेला सगळे श्रेय देता येणार नाही. पण कंडक्टरांचे बोलणे बरोबर होते. त्या दिवशी मी जे जे केले, ते जवळजवळ सगळे चुकले होते.

आपण म्हणतो गाडी 'लागली', जसे ऊन लागते किंवा दृष्ट लागते. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना बोट लागायची. इंग्रजीत मळमळीला जो शब्द आहे, त्याचे मूळही जहाजासाठीच्या ग्रीक शब्दात आहे. लागते ते मात्र पोटाला, असे आपण धरून चालतो. मग पित्त झाले असेल, पोट साफ नसेल, रात्री जड खाल्ले असेल, असे तर्क सुरू होतात. पोट हे शेवटचे स्टेशन आहे. गडबड सुरू होते ती कानात.

कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या यंत्रणेला चिकटूनच, तोल सांभाळणारी एक चिमुकली यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये द्रव असतो. डोके वळले की तो मागे राहतो आणि डोके कुठल्या दिशेला वळले ते मेंदूला कळते. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियमचे बारीक खडे असतात. डोके कलले, गाडीने वेग घेतला किंवा ब्रेक दाबला, की ते सरकतात. दुसरी बातमी डोळे देतात, तिसरी स्नायू आणि सांधे. चालताना या तिन्ही बातम्या जुळतात. मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या भाचीचे तसे नव्हते. कान सांगत होता की आपण डावीकडे वळलो, आता उजवीकडे, आता चढलो. डोळ्यांसमोर मात्र मोबाइलचा पडदा आणि पुढच्या सीटची पाठ, दोन्ही जागच्या जागी. मेंदूला पुढच्या क्षणी जे घडेल असे वाटत होते, ते घडत नव्हते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते, असे बहुतेक संशोधक मानतात.

कानाचा हात असल्याचा पुरावा भक्कम आहे. 1960 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी आतला कान पूर्ण निकामी झालेल्या काही माणसांना उत्तर अटलांटिकच्या वादळात बोटीवर नेले. सोबतची धडधाकट माणसे आजारी पडली, पण या लोकांना बोट लागली नाही. उलट, दृष्टी नसलेल्या माणसांनाही गाडी लागू शकते. म्हणजे डोळे भर घालतात, पण मूळ तक्रार कानाची.

मग या विसंगतीवर उलटीच का व्हावी? मिशेल ट्रीझमन यांनी 1977 मध्ये एक तर्क मांडला. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ बिघडतो तो बहुधा विष पोटात गेल्यावर, म्हणून मेंदू पोट रिकामे करायला निघतो. तर्क गमतीशीर आहे, सिद्ध झालेला नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा गाडी लागत नाही, आणि दिसेल ते तोंडात घालण्याचे वय तर तेच! त्रास सर्वांत जास्त होतो तो नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास. पुढे बहुतेकांचा तो कमी होतो. अर्धशिशी असलेल्यांना मात्र मोठेपणीही जास्त त्रास होतो.

हलणे कोणतेही असो, त्रास सारखाच, असेही नाही. सर्वांत वाईट तो संथ हेलकावा, साधारण पाच सेकंदांत एक. समुद्राची लाट असाच हेलकावा देते, आणि घाटात एका वळणावरून दुसऱ्या वळणावर झोके घेणारी बसही त्याच्या जवळपास येते. घोड्यावर बसून कोणाला मळमळत नाही, कारण ते हादरे भराभर बसतात. उंटाच्या संथ डुलण्याने मळमळू शकते. खड्ड्यांचेही तसेच. खड्ड्यांनी कंबर मोडेल, पण गाडी लागते ती गुळगुळीत रस्त्यावरच्या लांब वळणांनी आणि सारख्या ब्रेक-ॲक्सिलरेटरने.

आणि ड्रायव्हरला का लागत नाही? स्टिअरिंग त्याच्या हातात असते. वळण येण्याआधीच त्याच्या मेंदूने त्याचा हिशेब केलेला असतो. वळणावर ड्रायव्हरचे डोके आत, वळणाच्या बाजूला कलते आणि प्रवाशांची डोकी बाहेर फेकली जातात. पुढच्या वेळी नीट बघा.

उपायांची दिशा इथूनच ठरते. पुढचा रस्ता दिसेल अशी जागा घ्यायची. ब्रिटनमधल्या बस-प्रवाशांच्या एका मोठ्या पाहणीत, ज्यांना समोरचे नीट दिसत नव्हते त्यांना त्रास जास्त झाला असे आढळले. निव्वळ खिडकी मिळाली म्हणून भागत नाही, कारण बाजूच्या खिडकीतून झाडे सर्रकन मागे पळताना दिसतात आणि पुढचे वळण कळत नाही. नजर लांब रस्त्यावर हवी, डोके सीटला टेकून स्थिर हवे. मागच्या बाकावरून सुटका नसेल, तर मोबाइल आत ठेवून डोळे मिटून डोके मागे टेकणे, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

आता गोळीबद्दल, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथेच झाली. मळमळ सुरू झाली की जठराचे काम थंडावते. अन्न आणि औषध पुढे आतड्यात सरकत नाही, आणि गोळी शोषली जाते ती मुख्यतः आतड्यात. म्हणजे कोयनानगरला दिलेली गोळी भाचीच्या पोटात नुसती पडून होती. प्रोमेथाझिनसारखी गोळी गाडीत बसण्याच्या साधारण तासभर आधी घ्यायची असते. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये आणि तिच्यासोबत दारू तर नाहीच. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दोन वर्षांखालच्या बाळांना ही गोळी देतच नाहीत, आणि मोठ्या मुलांचा डोसही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

आणखी एक घोटाळा घरोघरी होतो. उलटीची गोळी म्हणून घरात असलेली ऑन्डान्सेट्रॉन गाडी लागण्यावर दिली जाते. पोट बिघडल्यावर किंवा केमोथेरपीनंतर ती उत्तम काम करते, कारण त्या उलटीचा मार्ग वेगळा. गाडी लागण्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. झोप न आणणाऱ्या सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्यांचेही तेच. गाडी लागण्यावर चालणाऱ्या गोळ्या आणि येणारी गुंगी यांची जोडी सहज तुटत नाही.

लिंबू हुंगणे, आवळा सुपारी, आलेपाक, मनगटावरचा पट्टा, बुडाखाली वर्तमानपत्र हे सगळे उपाय एसटीत पाहायला मिळतात. आल्याच्या चाचण्यांचे निकाल कधी अनुकूल, कधी प्रतिकूल आले आहेत. खाऊन बघायला हरकत नाही. मनगटाच्या पट्ट्याची तुलना नकली पट्ट्याशी केली तर फार फरक दिसत नाही. लिंबाने निदान डिझेलचा आणि शेजाऱ्याच्या उलटीचा वास झाकला जातो, आणि वासाने मळमळ वाढते हे खरे. वर्तमानपत्राबद्दल मात्र माझ्याकडे एकही चांगला शब्द नाही.

यापेक्षा भरवशाची एक फुकटची गोष्ट म्हणजे श्वास. संथ, एका लयीत, श्वासावर लक्ष ठेवून श्वास घेतल्याने मळमळ लांबते, असे लंडनमधल्या संशोधकांना 2003 मध्ये दिसले. परिणाम गोळीच्या निम्म्याने धरा, पण तो लगेच सुरू होतो आणि झोप येत नाही. सवयीची ताकद याहून मोठी आहे. खलाशांना बहुधा तीन-चार दिवसांत बोट लागायची थांबते. पण ती सवय रोजच्या रोज हवी. वर्षातून एकदा मामाच्या गावाला जाणाऱ्या पोरीला तिचा काय उपयोग?

परतीच्या प्रवासात मी डॉक्टरांना फोनवर विचारून घेतले, चिपळूणच्या स्टँडवर तासभर आधी गोळी दिली, आणि पोटभर पोह्यांऐवजी दोन बिस्किटे खायला दिली. गाडी लागताच धावत जाऊन ड्रायव्हरच्या मागचा बाक पकडला. पोफळी मागे पडल्यावर घाट सुरू झाला तेव्हा भाचीला एक काम दिले, पुढचे वळण कुठल्या बाजूला ते आधी ओळखून सांगायचे. "डावीकडे, मावशी! आता उजवीकडे!" हेळवाकपर्यंत तिचा हा धावता रिपोर्ट चालला, मग गोळीच्या गुंगीत ती माझ्या खांद्यावर झोपली आणि थेट कराडला उठली. यातले नेमके कशाने काम केले, ते सांगता येणार नाही, कारण सगळे एकदमच केले होते.

तुम्हाला गाडी लागत नसेल आणि एसटीत पहिल्या बाकावर बसला असाल, तर घाट लागण्याआधी एकदा मागे वळून पाहा. कोणी पोर जांभया देत, थुंकी गिळत गप्प बसले असेल, तर त्या कॉलेजच्या मुलासारखे उठा. आणि उठायला घाटातल्या तिसऱ्या वळणाची वाट पाहू नका.