मांजर अचानक ट्रेबाहेर शू करू लागलं तर

वर्षानुवर्षं ट्रे वापरणारं मांजर एके दिवशी गादीवर, पायपुसण्यावर किंवा मोरीच्या जाळीपाशी शू करतं. घरच्यांना वाटतं की ते रागावलंय, सूड घेतंय. मांजर असा सूड घेत नाही. त्याला शू करताना दुखत असतं, ट्रेपर्यंत जाणं नकोसं झालेलं असतं, नाहीतर घरात दुसऱ्या मांजराची चाहूल लागलेली असते. यांपैकी नेमकं काय, हे बहुतेक वेळा जमिनीवरच्या डागावरूनच कळायला लागतं. पण डाग वाचत बसण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी.

आधी पाहा: लघवी होते आहे का?

मांजर बोका असेल, तर हा प्रश्न इतर सगळ्या प्रश्नांच्या आधी येतो. बोक्याची मूत्रनलिका टोकाशी फार अरुंद असते. मूत्राशयाला सूज आली की चिकट स्राव आणि बारीक खडे यांचं बूच तयार होऊन ती नलिका बंद होऊ शकते. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या, फारशी हालचाल न करणाऱ्या तरुण बोक्यांमध्ये हे जास्त दिसतं.

बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, बराच वेळ बसून जोर करतो, ओरडतो, उठून मागचा भाग चाटत राहतो. ट्रेमध्ये मात्र काही नसतं, किंवा एखाददुसरा गुलाबी थेंब असतो. पुढे तो खाणं सोडतो, उलट्या करतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. लघवी पूर्ण अडली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदयाचे ठोके थांबू शकतात. दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ हे इथे चालत नाही.

जोर करणारा बोका पाहून अनेक घरांत बद्धकोष्ठ झालं असं समजतात आणि तूप किंवा एरंडेल देऊन रात्र काढतात. ती रात्रच महागात पडते. पोट दाबून बघू नका, कारण ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्याही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

ठाण्यात काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, जवळचा दवाखाना रात्री उघडा असेलच असं नाही. निघण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: बोक्याला नळी घालण्याची सोय आहे का, आणि रात्रभर सलाईनवर ठेवता येईल का. ‘नाही’ असं उत्तर आलं तर तिथे वेळ न घालवता पुढचा नंबर लावा. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय अनेकांना माहीत असतं, पण कल्याणहून परळ गाठायला लागणारा वेळही हिशेबात धरा. बोका पाळणाऱ्याने अशी सोय असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आधीच शोधून ठेवावा.

थेंब, डबकं आणि फवारा

बोका अडलेला नाही याची खात्री झाली की डागाकडे वळा. त्यात सगळ्यांत बोलकी गोष्ट म्हणजे लघवीचं प्रमाण. गोळा होणारं बेंटोनाइटचं लिटर वापरत असाल तर मोजमाप आपोआप होतं. निरोगी मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा शू करतं आणि दर वेळी लिंबाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा गोळा तयार होतो. तुमच्या मांजराचा नेहमीचा आकडा माहीत असला, की बदल लगेच लक्षात येतो.

लहान-लहान आणि खूप डाग, शिवाय ट्रेमध्येही बारीक गोळ्या दिसत असतील, तर मूत्राशयात जळजळ आहे असं धरून चाला. मोठं डबकं आणि त्याच वेळी पाण्याची वाटी भराभर रिकामी होत असेल, तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी हवी, विशेषतः मांजर दहाच्या पुढचं असेल तर. त्या वयात सांध्यांचं दुखणंही असतं. ट्रेची कड उंच असली की म्हातारं मांजर ट्रेच्या शेजारीच बसतं.

फवारा ही वेगळीच गोष्ट. भिंतीवर, पडद्यावर किंवा दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून वीतभर उंच डाग असेल, तर मांजराने उभं राहून, शेपूट थरथरवत शू उडवली आहे. ही हद्द आखण्याची खूण असते आणि असं मांजर बाकीची शू बहुतेक वेळा ट्रेमध्येच करतं. नसबंदी न झालेला बोका असेल तर शस्त्रक्रियेने बहुतेकांचं हे वागणं थांबतं. नसबंदी होऊनही फवारे सुरू झाले, तर दाराबाहेर पाहा. सोसायटीच्या जिन्यात नवा बोका आला असेल आणि तो तुमच्या जाळीच्या दाराशी येऊन खूण करून जात असेल. अशा वेळी जाळीचा खालचा भाग झाकणं आणि बाहेरची चौकट धुणं, हे घरातल्या कोणत्याही उपायापेक्षा लवकर लागू पडतं.

दवाखान्यात काय विचारायचं

लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी किंवा एक्स-रे, एवढ्यावर बरंचसं चित्र स्पष्ट होतं. खडे असतील तर दिसतात, रक्त असेल तर कळतं. वयस्क मांजराच्या रक्ताचीही तपासणी करावी.

दहा वर्षांखालच्या मांजरांमध्ये बऱ्याचदा या तपासण्यांत काहीच सापडत नाही. खडा नाही, जंतू नाहीत, तरी मूत्राशय सुजलेलं असतं आणि मांजराला दुखत असतं. याला डॉक्टर इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, आणि तरुण मांजरांत हेच सर्वाधिक आढळतं. मानसिक ताण त्यात मोठा भाग घेतो. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मांजरांवर बरंच काम केलं. घरातली व्यवस्था सुधारली, म्हणजे लपायला जागा, चढायला उंच फळी, खेळ, स्वच्छ ट्रे आणि अंगावर न येणारी माणसं मिळाली, की त्रास कमी होतो, असं त्यांना आढळलं.

इथे एक फसगत होते. हा झटका बहुतेक वेळा आठवडाभरात आपोआप ओसरतो. त्या आठवड्यात अँटिबायोटिक दिलं असेल तर गुण त्याचाच आला असं वाटतं, आणि पुढच्या वेळी तेच औषध पुन्हा आणलं जातं. तरुण मांजरांच्या लघवीत जंतुसंसर्ग क्वचितच असतो. म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं, तर लघवीत जंतू दिसले का, हे विचारायला संकोच करू नका. दुखणं कमी करणारं, मांजरांसाठीचं औषध आणि पोटात जास्त पाणी जाणं यांचा उपयोग अधिक होतो. कोरड्या दाण्यांबरोबर ओलं खाणं सुरू करणं हा त्यातला सोपा मार्ग.

झटका कधी येतो याची नोंद ठेवली तर आपल्याकडचं पंचांगच त्यात उमटलेलं दिसतं. गणपतीतले पाहुणे, दिवाळीतले फटाके, पाडव्याच्या शोभायात्रेतले ढोल-ताशे. फडके रोडच्या आसपास राहणाऱ्यांनी त्या दिवसांत मांजराला आतल्या खोलीत ट्रे, पाणी आणि लपायला खोका देऊन ठेवावं. नौपाड्यात शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू झाला, तर महिनोन्‌महिने ड्रिलिंग चालतं. तिथे खोली बदलणं हाच उपाय उरतो.

ड्राय बाल्कनीतला ट्रे

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये ट्रे ठेवायची हमखास जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. तिथेच वॉशिंग मशीन असतं. मांजर ट्रेमध्ये बसलेलं असताना मशीन एकदा जरी स्पिनवर गेलं, तरी ती जागा त्याच्या लेखी धोक्याची होते. शिवाय तिथून पळायला एकच वाट असते. पावसाळ्यात शिंतोडे येऊन लिटर ओलं पडतं, वास वाढतो, आणि वास झाकायला लोक सुगंधी लिटर आणतात. तो लव्हेंडर आपल्याला बरा वाटतो, मांजराला नाही. बहुतेक मांजरांना बारीक, वाळूसारखं, बिनवासाचं लिटर आवडतं.

ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा. दुकानात मिळणारे बरेचसे ट्रे त्याहून लहान असतात. प्लास्टिकचा मोठा, उथळ टब स्वस्तही पडतो आणि बराही. दिवसातून दोनदा गोळे काढा. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे वेगवेगळ्या जागी ठेवा, कारण शेजारी-शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या दृष्टीने एकच असतात.

एक घर धरून चालू

डोंबिवली पूर्वेतला वन बीएचके. चार वर्षांची, नसबंदी झालेली मांजरी. जुलैत ती बेडरूममधल्या गादीवर शू करू लागली. डाग मोठे, आडवे आणि दिवसातून एक-दोनच. पाणी नेहमीएवढंच पिते. ट्रेमध्ये शी मात्र करते. डॉक्टरांच्या तपासणीत लघवी स्वच्छ, सोनोग्राफीत खडा नाही.

घरच्यांना विचारलं तर जूनपासून दोन बदल झाले आहेत: लिटर सुगंधी आणलं, आणि कपडे वाळत नाहीत म्हणून मशीन दिवसातून दोनदा चालतं. दोन्ही एकदम बदलले तर कारण कळणार नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात जागा तीच ठेवून दोन ट्रे मांडायचे, एकात जुनं बिनवासाचं लिटर, दुसऱ्यात नवं. गादीवर प्लास्टिक घालून बेडरूमचं दार बंद ठेवायचं. समजा, मांजरीने दोन्ही ट्रे टाळले आणि हॉलमधल्या पायपुसण्यावर शू केली. म्हणजे निदान लिटर हे एकमेव कारण नाही. दुसऱ्या आठवड्यात जुन्या लिटरचा ट्रे हॉलच्या कोपऱ्यात, जिथून दोन्हीकडे बाहेर पडता येतं तिथे ठेवायचा. तो तिने पहिल्या रात्रीपासून वापरला, तर अडचण जागेची होती. सुगंधी लिटर चालतं का हे तिसऱ्या आठवड्यात, त्याच कोपऱ्यात, पुन्हा दोन ट्रे ठेवून बघता येतं. डाग, तारीख आणि जागा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जा. आठवणीवर भिस्त ठेवली तर दोन आठवड्यांची सरमिसळ होते.

नव्या कोपऱ्यातलाही ट्रे टाळला असता, तर मधल्या काळात शू करताना कधी दुखलं असेल का, याकडे परत जावं लागलं असतं. दुखणं बरं झालं तरी ‘या ट्रेमध्ये दुखतं’ ही आठवण मांजराला राहते. अशा वेळी ट्रे, लिटर आणि जागा तिन्ही नवीन देऊन सुरुवात करतात.

डाग धुताना

फिनाईल अजिबात वापरू नका. त्यातले फिनॉल मांजराचं यकृत नीट पचवू शकत नाही, आणि पुसलेल्या फरशीवर चालून पंजे चाटले की ते पोटात जातं. डेटॉलसारख्या जंतुनाशकांचंही तेच. अमोनियाचा क्लीनर तर लघवीसारखाच वास सोडतो. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग साध्या पाण्याने, मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइम क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओला राहू द्या. लगेच पुसला तर त्यातल्या एन्झाइमना काम करायला वेळच मिळत नाही. गादीत शू खोल मुरली असेल, तर वरवर फवारून भागत नाही; शू जितकी आत गेली तितका क्लीनर आत जायला हवा.