एकच पाय अचानक सुजला तर मालिश करू नका

आमच्या वस्तीतली एक बाळंतीण. सिझेरियनला बारा दिवस झाले होते. सकाळी उठली तर डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला, पोटरी दुखत होती, हाताला गरम लागत होती. सासूबाईंनी तेल लावून पाय रगडला, विटेने शेकला. जवळच्या दवाखान्यात हत्तीपायाच्या गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांनी मला बोलावणं आलं.

मी शिंप्याची टेप घेतली. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी ३३, डावी ३७. असा तीन सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय धरावाच लागतो. फरक कमी असला तरी गुठळी नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.

हत्तीपाय आपल्या विदर्भात आहे, म्हणून आधी तोच आठवतो. त्याच्या झटक्यात बहुधा थंडी वाजून ताप येतो आणि जांघेत दुखरी गाठ येते. तिला यातलं काहीच नव्हतं. पण वरवर बघून कुणालाच खात्री देता येत नाही. खात्री होते ती पायाच्या डॉपलर सोनोग्राफीने. त्यात शीर दाबून बघतात. मोकळी शीर दबते, गुठळी असलेली दबत नाही.

तिला त्याच दिवशी मेडिकलला नेलं. मांडीच्या शिरेत गुठळी निघाली. आधी पोटाच्या कातडीत इंजेक्शनं, मग गोळ्या सुरू झाल्या. ही औषधं गुठळी विरघळवत नाहीत, तिला वाढू देत नाहीत. मग शरीरच ती हळूहळू जिरवतं. म्हणून सूज उतरली तरी निदान तीन महिने गोळ्या चालतात. मनाने बंद करू नयेत.

घाई कशासाठी? गुठळीचा तुकडा सुटला तर रक्तासोबत फुप्फुसात जाऊन अडकतो आणि माणूस दगावू शकतो. रगडल्याने तो सुटण्याची भीती असते. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर आली तर लगेच १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, मोठं ऑपरेशन, प्लास्टर, बरेच दिवस अंथरुणाला खिळणं, कर्करोग, काही गर्भनिरोधक गोळ्या यांत हा धोका वाढतो. आपल्या समाजात सिकलसेल बरंच आढळतं. त्या आजारातही गुठळ्या लवकर होतात. तिच्या तपासणीत सिकलसेलही निघालं, घरात कुणाला माहीत नव्हतं.

दवाखान्यात नुसतं "पाय सुजला" सांगू नका. कोणता पाय, कधीपासून, बाळंतपण किंवा ऑपरेशन कधी झालं, सिकलसेल आहे का, तेही सांगा. आणि विचारा, "डॉक्टर, शिरेत गुठळी तर नाही ना? डॉपलर करायचं का?" पहिली तपासणी साफ निघाली, पण सूज तशीच राहिली, तर आठवडाभरात पुन्हा करावी लागते.