ओटीपी येतो कुठून आणि अडकतो कुठे?

वीजबिल भरायला बसलेल्या माणसाला ओटीपी आला नाही की तो हमखास एकच गोष्ट करतो: ‘रीसेंड’ दाबत सुटतो. नेमकी तीच गोष्ट सुरुवातीला करायची नसते.

बँकेच्या संगणकाने पाठवलेला ओटीपी थेट आपल्या फोनवर येत नाही. आधी तो मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्रात जातो. तुमचं सिम कोणत्या टॉवरखाली आहे, हे तिथून शोधलं जातं आणि मग मेसेज खाली सोडला जातो. त्या क्षणी फोन सापडला नाही, तर मेसेज तिथेच थांबतो आणि केंद्र थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. म्हणजे ‘आला नाही’ याचा अर्थ बरेचदा ‘अजून वाटेत आहे’ असा असतो.

समजा, काकूंनी १० वाजून २ मिनिटांनी ओटीपी मागवला. आला नाही म्हणून ३ मिनिटांनी, मग ४ मिनिटांनी पुन्हा. १० वाजून ७ मिनिटांनी तिन्ही एकदम येऊन पडले. काकूंनी पहिला दिसला तो टाकला आणि पडद्यावर उत्तर आलं: चुकीचा ओटीपी. नवा मागवला की बहुतेक ठिकाणी जुना बाद होतो, आणि एकदम आलेले मेसेज क्रमानेच येतील याचीही खात्री नसते. दोन-तीनदा असं झालं की काही बँका त्या व्यवहाराला काही काळ कुलूपच लावतात. म्हणून एकदा मागवून दोन-तीन मिनिटं थांबावं आणि त्या वेळात बाकीचं तपासावं.

सगळ्यात आधी पडद्यावर दिसणारे नंबरचे शेवटचे आकडे वाचावेत. दोन सिमच्या फोनमध्ये बँकेत एक नंबर आणि रोजच्या वापरात दुसरा, हा घोळ घरोघरी असतो. कित्येकदा खात्याला जोडलेला नंबर मुलाचा निघतो, आणि ओटीपी पुण्यात त्याच्या खिशात वाजत असतो.

नंबर बरोबर असेल, तर त्या सिमचं रिचार्ज पाहावं. दुसरं सिम केवळ बँकेसाठी ठेवलेलं असलं की त्याची मुदत संपल्याचं लक्षातच येत नाही. मुदत संपून काही दिवस उलटले की येणारे मेसेजही बंद होतात.

मग रेंज. इथे व्हॉट्सअॅप फसवतं. घरच्या वायफायवर ते धडधडीत चालू असतं, म्हणून फोन ठीक आहे असं वाटतं. पण ओटीपीचा एसएमएस साधारणपणे मोबाइलच्या नेटवर्कवरून येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. त्या सिमचे दांडे दिसत नसतील तर एरोप्लेन मोड अर्धा मिनिट लावून काढावा. फोन टॉवरकडे नव्याने हजेरी लावतो आणि अडकलेले मेसेज बरेचदा पाठोपाठ येतात.

एवढं करूनही कोरडंच असेल, तर घरातल्या कुणाला तरी त्या नंबरवर साधा एसएमएस पाठवायला सांगावं. (व्हॉट्सअॅप नव्हे, हे दोनदा सांगावं लागतं.) ही परीक्षा छोटी असली तरी प्रश्नाचे सरळ दोन भाग करते. साधा मेसेजही आला नाही, तर दोष सिम, नेटवर्क किंवा फोनचा. जुन्या बटणांच्या फोनमध्ये इनबॉक्स भरल्यामुळेही हे होतं; दहा-वीस मेसेज पुसले की रस्ता मोकळा.

साधा मेसेज आला आणि ओटीपी मात्र नाही, तर आधी मेसेजच्या अॅपमधलं ‘Spam & blocked’ उघडावं. आयफोनमध्ये अनोळखी नंबरांची वेगळी यादी असते. तिथेही नसेल तर अडचण पाठवणाऱ्याकडे असण्याची शक्यता जास्त, आणि फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू करून काही निघत नाही. भारतात कंपन्यांना आपलं नाव आणि मेसेजचा मजकूर आधी नोंदवावा लागतो. ८ मार्च २०२१ रोजी ही छाननी कडक झाली, तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती सात दिवस पुढे ढकलावी लागली. डीएनडीला मात्र उगाच दोष दिला जातो. ते जाहिरातींसाठी आहे, ओटीपी त्याने थांबत नाही.

सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवलेले असतात. चोराने तुमच्या नावाने सिम काढलं तर त्याच्या हाती लगेच ओटीपी पडू नये, यासाठी ती सोय आहे. पण तुम्ही सिम बदललेलंच नाही, रिचार्ज आहे, शेजारच्या फोनला त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमच्याच फोनची तासभर गायब आहे, तर ओटीपीची वाट पाहू नये. दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला सिम बंद करायला सांगावं, मग बँकेला खातं गोठवायला. पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० लावावा.