मध्यक्रम परिक्रमा आणि क-वी लघुतम किल्ली

द्विशाखी शोधवृक्षात प्रत्येक नोडच्या डाव्या उपवृक्षातील किल्ल्या तिच्याहून लहान व उजव्या उपवृक्षातील मोठ्या असतात. म्हणून डावा उपवृक्ष, स्वतः नोड व उजवा उपवृक्ष या क्रमाने, म्हणजेच मध्यक्रमाने, परिक्रमा केली असता किल्ल्या चढत्या क्रमाने भेटतात. क-वी लघुतम किल्ली हवी असल्यास क-वी भेट होताच थांबावे. उपवृक्षांची नोडसंख्या नोडमध्ये साठविण्याची गरज राहत नाही.

उदाहरणार्थ, मुळाशी ५० असून त्याची अपत्ये ३० व ७०, ३० ची २० व ४०, आणि ७० ची ६० व ८० आहेत असे समजू. तिसरी किल्ली शोधावयाची आहे. डावीकडे उतरताना ५०, ३०, २० हे नोड स्टॅकवर ठेवावेत. प्रथम २० काढला. ही पहिली भेट. त्याला उजवे अपत्य नाही, म्हणून ३० काढला, ही दुसरी. त्याचे उजवे अपत्य ४० स्टॅकवर ठेवून लगेच काढले. ही तिसरी भेट, आणि हेच उत्तर. स्टॅकवर केवळ ५० उरला. ७०, ६० व ८० यांना स्पर्शही झाला नाही.

यातूनच श्रमाचे माप मिळते. स्टॅकवर ठेवलेला प्रत्येक नोड एकतर काढला जातो, आणि असे नोड क एवढेच असतात. किंवा तो शेवटी स्टॅकवर उरतो, आणि असे नोड मुळापासून निघणाऱ्या एकाच वाटेवर असतात. वृक्षाची उंची उ असल्यास एकूण श्रम क + उ च्या प्रमाणात राहतात. मात्र वृक्ष डावीकडे साखळीसारखा लांबला असेल, तर पहिली किल्ली मिळविण्यासही सर्व नोड ओलांडावे लागतात. क मोठा असून अशी विचारणा वारंवार होत असेल, तर संख्या साठविणेच श्रेयस्कर. मग प्रत्येक भरतीच्या व वगळणुकीच्या वेळी त्या दुरुस्त कराव्या लागतात.

थांबण्यातच खरी मेख आहे. रिकर्शनने लिहिलेल्या कार्यक्रमात क-व्या भेटीनंतर परत फिरल्याने केवळ आतील आवाहन संपते. बाहेरील आवाहने पुढे चालूच राहतात. उत्तर बरोबर येते, म्हणून दोष लपतो. भेटींची मोजणी ३ ऐवजी ७ भरली, की तो उघड होतो. सापडल्याची खूण प्रत्येक आवाहनाने वर पोहोचविली पाहिजे.

१९७९ साली मॉरिस यांनी मांडलेल्या स्टॅकरहित परिक्रमेत हा धोका अधिक गंभीर होतो. तेथे परतीच्या वाटेसाठी ४० चा रिकामा उजवा दुवा तात्पुरता ५० कडे वळविलेला असतो. ४० वरच थांबल्यास तो तसाच राहतो, आणि पुढे ४५ चा शोध घेणारा ५०, ३०, ४० व पुन्हा ५० असा अखंड फिरत राहतो. म्हणून त्या पद्धतीत उत्तर टिपून ठेवावे व परिक्रमा पूर्ण करावी, अथवा वळविलेले दुवे पूर्ववत् केल्यावाचून थांबू नये.